‘स्पष्टच आहे’ची शिकार

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या वाटेवर पावसाळ्यात दोनच गोष्टी न चुकता उतरतात: धुकं आणि एआयने लिहिलेला गृहपाठ. धुक्यावर इलाज नाही. दुसऱ्यावर आहे. साहित्य: एक लाल पेन, एक कप चहा आणि 4 हा आकडा.

नववीला ‘√3 अपरिमेय आहे, सिद्ध करा’ असं द्यावं. दुसऱ्या दिवशी वह्या येतात. खाडाखोड नाही, ‘समजा’, ‘म्हणून’, ‘यावरून’ अगदी जागच्या जागी. समजा √3 = p/q, p आणि q सहमूळ. म्हणून p² = 3q². p² ला 3 ने भाग जातो, तेव्हा p लाही 3 ने भाग जातो हे स्पष्टच आहे. p = 3k ठेवलं की q लाही 3 ने भाग जातो; सहमूळ म्हटलेल्या संख्यांत 3 सामाईक निघाला, ही विसंगती. इतिसिद्धम्.

आता चहाचा घोट घ्यावा आणि प्रत्येक 3 च्या जागी 4 लिहावा. p² = 4q². p² ला 4 ने भाग जातो, तेव्हा p लाही 4 ने भाग जातो हे ‘स्पष्टच आहे’. p = 4k, म्हणजे q² = 4k², q लाही 4 ने भाग. विसंगती! √4 अपरिमेय! शाळेची घंटा वाजवून सुट्टी द्यावी, कारण √4 म्हणजे 2 हे आपण इतकी वर्षं उगाच शिकवत होतो.

पोकळ पायरी कुठली, ते 6 सांगतो. 6² = 36, त्याला 4 ने भाग जातो; 6 ला जात नाही. म्हणजे ‘स्पष्टच आहे’ 4 साठी सपशेल खोटं आहे. 3 साठी खरं आहे, पण त्याला कारण लागतं: p ला 3 ने भागून बाकी 1 किंवा 2 उरली, तर p² ची बाकी 1 च उरते, 0 कधीच नाही. सगळी सिद्धता या एका ओळीवर उभी आहे आणि वहीत नेमकी तीच नाही. आमचं शेकरू झाडावरून झाडावर झेपावतं, पण समोर फांदी असते म्हणून.

एक इशारा: या परीक्षेतून पायरी पोकळ आहे एवढंच कळतं, ती कुणी लिहिली ते नाही. आमच्या काळी हेच ‘स्पष्टच आहे’ गाईडमध्ये छापील मिळायचं, आणि खरं सांगायचं तर फळ्यावर मीही लिहिलंय. म्हणून चोर पकडल्याचा आव आणू नये. पोराला बोलवावं आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारावं, “हे स्पष्ट कसं रे?”

“सर, तेवढ्यात रेंज गेली.”

त्याच गठ्ठ्यात एक मळकी वही होती. 1, 4, 16, 25, 49 मांडून प्रत्येकाला 3 ने भागलेलं, दोनदा खोडलेलं, आणि खाली: ‘बाकी 1 च येते. का?’ त्या ‘का?’ खाली मी काही लिहिलं नाही. मधल्या सुट्टीत त्या वहीचा मालक स्वतःच 3k + 1 आणि 3k + 2 चे वर्ग करून घेऊन आला.