सुरकुत्या ओढून माणूस सापडत नाही

जबलपूरच्या स्टेशनबाहेरच्या भिंतीवर ‘गुमशुदा की तलाश’ असं वर छापलेला कागद चिकटलेला दिसतो. खाली फोटो, उंची, रंग, अंगावरचे कपडे. कागद पावसात फाटतो, पण कुणीतरी त्याचा मोबाइलवर फोटो काढलेला असतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरत राहतो. हरवल्याला दहा वर्षं झाली तरी वर्णन तेच, निळा शर्ट आणि काळी पॅन्ट. दहा वर्षं कुणी तोच शर्ट घालून फिरत नाही, हे आपल्याला कळतं. मग दहा वर्षं कुणी तोच चेहरा घेऊन फिरत नाही, हे का कळत नाही?

मुंबईत अंधेरीला जे घडलं ते आठवा. 22 जानेवारी 2013 रोजी सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून पळवली गेली. ती परत मिळाली ऑगस्ट 2022 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी. मधली काही वर्षं तिला परराज्यात ठेवलं होतं. सापडली तेव्हा ती राहत होती ती जागा घरापासून एक किलोमीटरच्या आतच होती. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे राजेंद्र भोसले 2015 साली निवृत्त झाले, तरी तिचा फोटो त्यांनी जवळून हलवला नव्हता. शेवटी सुटका कशी झाली? ती जिथे कामाला जायची तिथल्या एका बाईने इंटरनेटवर तिचं नाव शोधलं. जुनं पोस्टर निघालं, त्यातला चेहरा मुलीने स्वतः ओळखला आणि त्यावरच्या क्रमांकांपैकी एक अजून लागत होता. त्या पोस्टरवरचा चेहरा सात वर्षांचा होता. ज्या चेहऱ्याकडे पाहून लोकांनी सोळा वर्षांची मुलगी ओळखायची, तो चेहरा लोकांना कधी दाखवलाच गेला नव्हता.

अशा वेळी घरचे काय करतात? कुणीतरी भाचा फोनवर अ‍ॅप उघडतो, ‘म्हातारा करा’चं बटण दाबतो आणि निघालेलं चित्र सगळ्या ग्रुपांवर पाठवतो. हेतू चांगला आहे, चित्र मात्र शोधाच्या कामाचं नसतं. ते का, हे नीट सांगतो.

आमच्या काकांचा 1994 चा एक स्टुडिओ फोटो घरी आहे. तेव्हा ते तिशीत होते, खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला. दाट काळे केस, मिशी, डाव्या भुवईतून गेलेली लहानपणच्या जखमेची खूण. आज साठी ओलांडलेले काका समोर बसले आहेत, त्यामुळे परीक्षा घेणं सोपं. अ‍ॅपने त्या जुन्या फोटोवर काय केलं? कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक सुरकुत्यांची जाळी पसरली, केस आणि मिशी एकसारखी राखाडी केली, कातडी फिकट केली. आणि भुवईतली खूण पुसून टाकली. अ‍ॅपला ती डाग वाटली. काकांना ओळखायची सगळ्यात पक्की निशाणी होती तीच गेली.

आता खरे काका पाहा. सुरकुत्या जाळीसारख्या नाहीतच. कपाळावर तीन आडव्या रेघा आहेत, दोन भुवयांच्या मधे एक उभी, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पसरलेल्या थोड्या. यामागे साधं कारण आहे. चेहऱ्याचा स्नायू ज्या दिशेने आखडतो, सुरकुती त्याला काटकोनात पडते. भुवया वर उचलणारा कपाळाचा स्नायू उभा असतो, म्हणून त्यावरच्या रेघा आडव्या. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल असतो, म्हणून त्याच्या रेघा चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर फुटतात. ज्या चित्रात गालाच्या मधोमध आडव्या रेघा दिसतील, त्यात चेहरा कसा हलतो याचा विचार झालेला नाही असं खुशाल समजा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काकांच्या सावळ्या कातडीवर वयाची पहिली खूण रेघांची नाहीच, रंगाची आहे. कातडीत रंगद्रव्य जास्त असलं की ऊन आत कमी पोहोचतं आणि बारीक सुरकुत्या उशिरा येतात. पण रंग विस्कटतो. डोळ्यांखाली काळसरपणा, कपाळ आणि कानशिलं गालांपेक्षा गडद, बायकांच्या गालांवर वांग, काहींच्या डोळ्यांच्या बाजूला काळे बारीक उंचवटे. गोऱ्या कातडीचे नमुने पाहून केलेलं म्हातारपण आपल्या माणसावर चढवलं की तो भलत्याच देशातला म्हातारा दिसतो. जबलपूरच्या उन्हात तीस वर्षं सायकलवर फॅक्टरीला गेलेल्या माणसाचं कपाळ फिकट कसं होईल?

केसांचंही तसंच. पिकणं बहुधा कानशिलांपासून सुरू होतं, मग माथा, मानेकडचे केस सगळ्यात शेवटी. आणि राखाडी रंगाचा केस असा जवळजवळ नसतोच; काळ्यांत पांढरे मिसळतात आणि लांबून राखाडी दिसतं. म्हणून डोक्यावर सरसकट राखाडी रंग फासला की टोप घातल्यासारखं दिसतं. पण या सगळ्यावर एक प्रश्न भारी पडतो, आणि तो कुणी विचारत नाही: माणूस केस रंगवत असेल तर? आमचे काका रंगवतात. मिशी त्यांनी केव्हाच काढून टाकली. त्यांना पिकल्या मिशीच्या चित्रावरून शोधलं असतं तर ते शेजारच्या बाकावर बसलेले असतानाही लोक पुढे निघून गेले असते.

तेव्हा चेहऱ्याचं वय वाढवायचं असेल तर कातडीपासून सुरुवात करूच नये. आधी आकार. भुवई किंचित खाली येते, वरची पापणी जड होऊन डोळा लहान दिसतो. गालावरची चरबी खाली सरकते, म्हणून नाकाच्या बाजूने ओठांकडे येणारी घडी खोल होते आणि जबड्याची सरळ रेघ मोडते. ओठ पातळ होतात, नाक आणि ओठ यांतलं अंतर वाढतं, नाकाचं टोक झुकतं, कानाची पाळी लांबते. दाढा काढल्या असतील तर त्या बाजूचा गाल आत जातो. काकांचा उजवा गाल तसाच आहे. एवढं झाल्यावर रंग, त्यानंतर सुरकुत्या आणि सगळ्यात शेवटी केस. अ‍ॅप नेमकं शेवटून सुरुवात करतं आणि आकाराला जवळपास हात लावत नाही, त्यामुळे पांढऱ्या केसांखाली तिशीतला तरुणच उरतो.

काय हलवायचं नाही, हेही तितकंच पक्कं हवं. दोन डोळ्यांमधलं अंतर, कानाची घडण, तीळ, जखमेच्या खुणा, चेहऱ्याच्या दोन बाजूंमधला फरक. माणूस ओळखला जातो तो यांवरून. शेजारी ठेवायला वडिलांचा, आईचा किंवा मोठ्या भावाचा त्या वयातला फोटो हवाच. टक्कल कुठून पडेल, गाल सुटतील की बसतील, याचा अंदाज घराण्याच्या चेहऱ्यांतून येतो. तो अंदाज यंत्राकडे नसतो, अल्बममध्ये असतो.

लहान मुलाच्या फोटोला तर हे वृद्धत्वाचं बटण लावणं म्हणजे निव्वळ नुकसान. सात वर्षांचं मूल सोळाचं होतं तेव्हा त्याला सुरकुती एकही येत नाही. चेहऱ्याचा खालचा भाग लांबतो, नाकाचा दांडा वर येतो, दुधाचे दात जाऊन पक्के येतात आणि जबडा रुंदावतो. ते काम आईच्या किंवा बहिणीच्या सोळाव्या वर्षीच्या फोटोशी ताडून हाताने करायचं असतं.

उलटं काम, म्हणजे वय कमी करणं, त्याचीही गरज पडते. ग्वारीघाटावर एखादी वृद्ध बाई एकटी बसलेली आढळते, नाव-गाव आठवत नाही. घरच्यांच्या आठवणीत तिचा चाळिशीतला चेहरा असू शकतो. तिथे कातडी गुळगुळीत करून भागत नाही. तरुण कातडीलाही रंध्रं असतात. ती पुसली की चेहरा प्लास्टिकचा होतो. पापणी उचलावी लागते, गाल भरावे लागतात, ओठांना जाडी द्यावी लागते.

हे नीट केलं तर उपयोग होतो. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या अंचल इथे फेब्रुवारी 2006 मध्ये एक तरुणी आणि तिच्या सतरा दिवसांच्या जुळ्या मुली यांचा खून झाला. संशय दोन सैनिकांवर होता आणि ते बेपत्ता झाले. केरळ पोलिसांनी त्यांच्या जुन्या फोटोंवरून आजचे चेहरे कसे असतील याच्या प्रतिमा संगणकावर तयार केल्या आणि समाजमाध्यमांवरच्या फोटोंशी ताडल्या. एका लग्नाच्या फोटोशी मेळ बसला. जानेवारी 2025 मध्ये सीबीआयने दोघांना पुदुच्चेरीत पकडलं. तिथे ते नाव बदलून संसार करत होते. या प्रकरणात एक गोष्ट विसरू नये. तयार केलेल्या प्रतिमेने फक्त कुठे पाहायचं ते सांगितलं. हाच तो माणूस, हे पुढच्या तपासाने ठरवायचं असतं. बनवलेला चेहरा पुरावा नसतो, आणि तसा तो वापरला तर एखादा निरपराध माणूस केवळ चित्रासारखा दिसतो म्हणून अडकेल.

म्हणूनच एकच चित्र छापणं चूक आहे. किमान तीन हवीत: केस पिकलेले, केस रंगवलेले, आणि दाढी किंवा टक्कल असलेलं. सोबत मूळ फोटो, तो काढल्याचं वर्ष, आणि प्रत्येक बनवलेल्या चित्राखाली ‘अंदाजे आजचा चेहरा’ असे स्पष्ट शब्द. ते शब्द नसतील तर लोक अंदाजालाच खरा फोटो समजतात आणि थोडा वेगळा दिसणारा खरा माणूस सोडून देतात.

घरच्यांनी आज करायचं काम याहून सोपं आहे. घरातल्या प्रत्येकाचा, विशेषतः मुलांचा आणि विसरायला लागलेल्या वडीलधाऱ्यांचा, दरवर्षी एक समोरून फोटो काढा. तोंड मिटलेलं, उजेड खिडकीचा, फिल्टर बंद. एक डाव्या बाजूने, एक उजव्या, कान दिसतील असा. त्यावर तारीख लिहा आणि तो दोन ठिकाणी ठेवा. फोनचे कॅमेरे कातडी आपोआप गुळगुळीत करतात, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा. तीळ आणि खुणा तिथेच नाहीशा होतात. आणि पोस्टरवर दिलेला फोन नंबर कधीही बंद करू नका.