रडायला ते, सांगायला दुसरे

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. भिक्षा मागत गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे पोचले. बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही मोबाइलवरची अफवा त्यांच्या आधीच गावात आली होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

बातम्यांत एक वाक्य सगळीकडे फिरलं: त्यांच्यातल्या एकानं लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला आणि लोक भडकले. हे सांगितलं पोलिसांनी. ज्यांच्याबद्दल सांगितलं ते पाचही मेलेले. जे पाहत होते त्यांतले कित्येक अटकेच्या भीतीनं गाव सोडून पळालेले. एका बाजूला भटके, दुसऱ्या बाजूला आदिवासी पाडा, आणि दोघांची गोष्ट सांगणारा तिसराच.

पोलिस खोटं बोलले असा माझा आरोप नाही. वाईट याचं वाटतं की ते वाक्य एकाच दारातून आलंय, हे वाचकाला कळतच नाही. ते कळावं म्हणून मोजायचं. बातमी समोर ठेवा. त्यात जो जो बोलतो, त्याच्यासाठी कागदावर एक ओळ. नाव दिलंय का? त्याचे शब्द जसेच्या तसे आहेत की सारांश? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो कोणत्या नात्यानं बोलतोय: प्रवक्ता, तज्ज्ञ, प्रत्यक्षदर्शी, की स्वतःवर गुदरलेलं सांगणारा? ही वर्गवारी जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पात वापरतात. १९९५ पासून साधारण दर पाच वर्षांनी तो जगभरच्या बातम्यांतल्या बायका मोजतो. बातम्यांत दिसणाऱ्या आणि बोलणाऱ्या माणसांत त्या १९९५ मध्ये १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५.

नुसती डोकी मोजली तर फसगत होते. समजा, राईनपाड्यासारख्या घटनेच्या बातमीत चौघं बोलतात: पोलिस अधिकारी, मंत्री, मृताची बायको आणि मृताचा भाऊ. चारात दोन भटके, म्हणजे निम्मा वाटा. आकडा झकास! आता नात्याचा रकाना भरा. कारण अधिकारी सांगतो, उपाय मंत्री सांगतो, बायको आणि भाऊ रडतात. पिढ्यान्‌पिढ्या परक्या गावात पाल ठोकणाऱ्या माणसाला हा संशय कसा झेलावा लागतो, पोलिस ठाण्यात आधी नोंद करायला गेलं तर तिथे काय होतं, हे त्या भावाला कुणी विचारलं का? तो या विषयातला जाणकार आहे. पण बातमीत त्याचं फक्त दुःख चालतं, ज्ञान नाही. माझा राग इथे आहे.

तालुक्याच्या वार्ताहरावर सगळं ढकलून भागणार नाही. पान लागायची वेळ ठरलेली, ठाण्याचा फोन लगेच लागतो, पालाचा नंबर कुणाकडेच नसतो. शिवाय वर बसलेले कोण? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ मध्ये देशातल्या माध्यमांतली नेतृत्वाची १२१ पदं तपासली. १०६ जागी उच्चवर्णीय. दलित किंवा आदिवासी एकही नाही.

खानदेशात मोजताना मोठा खड्डा आहे आडनावाचा. सोनवणे म्हणजे कोण? मराठा असेल, कोळी असेल, भिल्ल असेल, बौद्ध असेल. पवार, मोरे, ठाकरे यांचंही तेच. आडनावावरून जात ताडणारी मोजणी दिल्लीत खपेल, पारोळ्यात आपटेल. म्हणून बातमीत ओळख स्पष्ट दिली असेल तरच भरायची, नाहीतर फोन करून विचारायची, नाहीतर ‘माहीत नाही’ लिहायचं. हा ‘माहीत नाही’चा रकाना फुगला तर तोही निकालच समजा. आणि एकच बातमी दोघांनी एकमेकांचं न पाहता मोजायची. उत्तरं जुळली नाहीत तर नियम ढिले आहेत.

दुसरी अडचण तुलनेची. २०११ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्यात आदिवासी जवळपास ३२ टक्के, जळगावात १४. त्यांचा बातमीतला वाटा त्याच्याशी ताडता येतो. भटक्यांचं काय? त्या जनगणनेनं त्यांना वेगळं मोजलंच नाही. म्हणजे बातमीत ते किती कमी आहेत, हे टक्क्यांत सांगताच येत नाही.

तरी नात्याच्या रकान्याला जनगणना लागत नाही. धुळे-जळगावच्या संपादकांनी आपल्याच दैनिकाचं एका महिन्याचं जिल्हा पान घ्यावं आणि भटक्या किंवा आदिवासी माणसानं दुःख सोडून कारण किंवा उपाय सांगितल्याच्या ओळी मोजाव्यात. आकडा त्याच पानावर छापावा.