डोळे फुटले का मोबाइलचे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या रोहयोच्या कामावरून ग्रामरोजगार सेवकाला मेसेज जातो: "भाऊ, मंगळवारी दिवसभर खोदलं, अन् तुमच्या मोबाइलनं मले गैरहजर दाखवलं? डोळे फुटले का त्याचे?" मजकूर खरा, पण डोळ्यांसाठी तहसीलमध्ये रकाना नाही. म्हणून अर्ज असा: "विषय: हजेरी दुरुस्तीबाबत. जॉबकार्ड क्रमांक, हजेरीपट क्रमांक, कामाचे नाव व तारीख खाली दिली आहेत. त्या दिवशी मी हजर होतो. दुपारचा फोटो रेंजअभावी चढला नाही. सोबतच्या मजुरांच्या सह्या जोडल्या आहेत. मजुरी काढण्यापूर्वी नोंद तपासावी." मंगळवारची तारीख झाली, शिवी गळाली. आता दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्यायचा. नाहीतर अर्जही गैरहजर.