माजी ग्रुपलीडर

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी चौघांचा प्रोजेक्ट-ग्रुप होतो आणि भूमिका आपोआप वाटल्या जातात. एकाला कोड येतो. एकाच्या काकांचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असतं. एक प्लेसमेंटच्या तयारीला म्हणून जातो, तो थेट व्हायव्हाच्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात प्रकट होतो. उरतो तो ग्रुपलीडर. 'लीडर कोण?' असं गाइडनी विचारलं तेव्हा बाकीचे तिघे खाली बघत होते, एवढीच त्याची निवडणूक.

पास झाल्यावर हाच गडी ज्युनिअर प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटरच्या जागेसाठी कव्हर लेटर लिहितो. अशी पत्रं वाचणं हा माझ्या नोकरीचा भाग असल्यामुळे मी त्याला अक्षरावरून नव्हे, फाइलच्या नावावरूनच ओळखतो: `Cover_Letter_Final_Final2.pdf`. पत्र इंग्रजीत असतं. 'आय लेड अ डायनॅमिक टीम ऑफ फोर' हे पहिल्या परिच्छेदात, 'सिनर्जी' दुसऱ्यात आणि तिसऱ्यात कधीकधी आपल्याऐवजी भलत्याच कंपनीत काम करण्याची उत्कट इच्छा. प्रोजेक्ट अर्थातच स्मार्ट पार्किंग. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून आजवर जेवढं स्मार्ट पार्किंग झालं आहे, तेवढ्यात खरं म्हणजे एकाही गाडीला जागा शोधावी लागायला नको होती.

अशाच एकाला मी बोलावलं. सिनर्जी म्हणजे काय, हे विचारण्याचा दुष्टपणा केला नाही. एवढंच विचारलं, "सबमिशनच्या आठवड्यात काय झालं?"

तो ओशाळला. "तसं काही विशेष नाही सर. धावपळच झाली." आणि मग धावपळ सांगितली.

ब्लॅक बुक सोमवारी द्यायचं होतं. सोनेरी अक्षरांच्या हार्डबाउंडला बाइंडर दोन दिवस घेतो आणि रविवारी दुकान बंद. म्हणजे प्रिंटआउट गुरुवारी संध्याकाळी त्याच्या हातात पडायला हवेत. सर्टिफिकेटच्या पानावर गाइडची सही हवी, आणि गाइड बुधवारी सकाळीच एक्स्टर्नल म्हणून परगावी निघणार. इकडे पहिला सेन्सर जळलेला. दुसरा येणार बुधवारी, आणि तो आल्याशिवाय रिझल्टचं प्रकरण कोरं.

"मग?"

"मग मंगळवारी सरांना बाकीची प्रकरणं प्रिंट काढून दाखवली. रिझल्ट बुधवारी रात्री फोनवर पाठवतो म्हटलं. सर वैतागले, पण सर्टिफिकेटवर सही दिली. एचओडींचीही त्याच दिवशी घेऊन ठेवली, कारण ते कधी सापडतील सांगता येत नाही. बुधवारी रात्री टेस्टिंग केलं, आकडे पाठवले, सरांचा होकार आला. गुरुवारी दुपारी प्रकरण घातलं आणि संध्याकाळी बाइंडरकडे."

मी खुर्चीत सावरून बसलो. शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं, कोणतं काम कशावाचून अडतं ते पाहायचं, जे अडत नाही ते आधी उरकायचं आणि ज्याची सही हवी त्याला न दुखावता गाठायचं, यालाच तर आम्ही पगार देतो! यातलं पत्रात काय होतं? काही नाही. कारण त्याच्या मते सह्या गोळा करणं हे शिपायाचं काम, आणि लीडरशिप ही इंग्रजीत करायची गोष्ट.

त्याच्याकडे एक वहीही निघाली. दर शनिवारी कोणी काय करायचं कबूल केलं, कधीपर्यंत, आणि पुढच्या शनिवारी ते झालं की नाही, अशा तीन रकान्यांची. प्लेसमेंटवाल्याच्या नावापुढचा तिसरा रकाना जानेवारीपासून सारखाच दिसत होता. मी म्हटलं, "पत्रात सिनर्जीच्या जागी हा आठवडा लिही. काय अडलं, तू काय ठरवलंस, काय वेळेत झालं. आणि जिथे कोड दुसऱ्याने लिहिला तिथे 'आम्ही' लिही, सह्या तू आणल्यास तिथे 'मी'."

"पण सर, इतकं साधं लिहिलं तर इम्प्रेशन..."

दोन दिवसांनी सुधारित पत्र आलं. आठवडा होता, वही होती, सेन्सर होता. 'डायनॅमिक' मात्र त्याला सोडवला नव्हता. आईबाबांनी वाचून 'छान आहे' म्हटलेला तेवढाच शब्द असावा.

त्याच जागेसाठी त्याच कॉलेजातून आणखी एक पत्र आलं. इंग्रजी जास्त सफाईदार. तेच स्मार्ट पार्किंग, तीच टीम ऑफ फोर, आणि लीड यानेही केलेली. उमेदवार समोर आला तो इस्त्रीच्या शर्टात.

"सबमिशनच्या आठवड्यात गाइड परगावी होते म्हणे," मी म्हटलं. "मग सही कशी मिळवलीत?"

"मॅडमना मी आधीच ईमेल केला होता," तो आत्मविश्वासाने म्हणाला.

"मॅडम?"

तो क्षणभर थांबला. "सर होते का?"