घाव सोसा, फोटो मोठा

सकाळच्या सुविचाराचं कार्ड १०८० बाय १०८० पिक्सेलचं. त्यात उगवता सूर्य, गुलाब, वाफाळता चहा, हात जोडलेले भावी लोकप्रतिनिधी आणि त्यांचा मोबाइल क्रमांक बसवला, की उरलेल्या पट्टीत म्हण कोंबायची. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण त्या पट्टीत मावेना. डिझायनरने कात्री चालवली आणि 'घाव सोसा, देवपण मिळवा!' असं टाकून तो मोकळा झाला.

म्हणीत अट होती, कार्डावर हमी आली.

घावांवाचून देवपण नाही, एवढंच म्हण सांगते. घाव खाल्ले की देव होतोच, असं ती कुठे म्हणते? टाकी देवळाच्या पायरीलाही लागते, उंबऱ्यालाही लागते आणि दोघांवरही लोक पाय देतात. पाट्या-वरवंट्याचं तर विचारू नका. वाटून वाटून गुळगुळीत झाले की त्यांना पुन्हा टाकी लावून घ्यायची, अशी घराघरातली रीत. कार्डाच्या हिशेबाने एव्हाना महाराष्ट्रातले सगळे पाटे गाभाऱ्यात विराजमान व्हायला हवे होते, वरवंट्यांच्या पालख्या निघायला हव्या होत्या, आणि जात्याच्या दोन तळ्यांत थोरला देव कोणता यावरून कोर्टात दावा चालू असायला हवा होता.

गफलत कापण्याच्या पद्धतीत आहे. मराठीत 'नाही' बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, आणि जागा संपते तीही शेवटीच. त्यामुळे शेपूट छाटणाऱ्याच्या हाती आधी नकार लागतो आणि वाक्य उलटं होतं. म्हणून आधी अटीचा सांधा शोधायचा. इथे तो 'शिवाय' आणि 'नाही' यांचा. त्याला हात न लावता बाकीचं सोलायचं. 'सोसल्या' गेलं, 'येत' गेलं, उरलं 'टाकीच्या घावांशिवाय देवपण नाही'. सहा शब्दांचे चार झाले. अजून कापून 'घावांशिवाय देवपण नाही' करता येतं, पण मग टाकी जाते, दगड जातो आणि घाव लाठीचा की काठीचा हे कळत नाही. मजकूर टिकला का, हे तपासायला पायरीचा दगड पुरे: नव्या वाक्याने तोही देव ठरत असेल, तर कापणी फसली.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' या म्हणीचं काय करतात, ते सांगतानाही संताप होतो. कार्डावर फक्त 'करावे मनाचे', खाली सही ठोकल्यासारखा तो हसरा चेहरा. ज्यांच्या दारात मतं मागायला जायचं, त्या जनाचंच ऐकणं जागेअभावी रद्द! 'कार्यसम्राट', 'युवा हृदयसम्राट', 'मा. श्री.' यांतलं एक अक्षर मात्र आजवर कुणी जागेअभावी गाळलेलं नाही.

टाकीच्या म्हणीचा चार शब्दांचा मजकूर डिझायनरने साहेबांना पाठवला. साहेबांना तो फार आवडला. वाचलेल्या जागेत त्यांनी चिरंजीवांचा फोटो टाकायला सांगितला.