फुलाची चूक नाही

बॅडमिंटनच्या रॅलीचा व्हिडिओ हवा म्हणून एआयला लिहून दिलं: शटलचं ट्रॅकिंग, स्मॅश, चपळ पदन्यास, बाजूने स्थिर कॅमेरा. आलेल्या व्हिडिओत कॅमेरा फुलामागे असा सुटला, की निम्मा वेळ प्रेक्षकांच्या खुर्च्याच दिसल्या. फूल जाळीच्या आरपार गेलं ते वेगळंच.

यंत्राला शिव्या घालून झाल्यावर आपलंच वाक्य वाचलं. ‘ट्रॅकिंग’ म्हणजे सिनेमावाल्यांच्या भाषेत कॅमेऱ्यानेच मागे धावणं! पळ म्हणायचं आणि हलू नको म्हणायचं, हे तर घरातल्या मोठ्यांचं काम.

शिवाय मागितला होता स्मॅश. ताशी २०० किलोमीटरने सुटलेलं फूल सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रात एका चौकटीत सव्वादोन मीटरहून थोडं जास्तच पुढे जातं. १३.४ मीटरच्या कोर्टात ते दिसणार किती वेळा? मग यंत्र मधली जागा मनाने भरतं आणि एकाची दोन फुलं करतं.

दुसऱ्यांदा साधं लिहिलं: ‘कॅमेरा जाळीच्या रेषेत, तिवईवर, अजिबात हलत नाही, दोन्ही खेळाडू पूर्ण दिसतात. एकच शटल, उंच क्लिअर, जाळीच्या वरून. फटक्यानंतर बूच पुढे, पिसं मागे. डावा खेळाडू मागे सरकतो, परततो.’ फटके तीनच मागितले.

या वेळी फूल जाळीवरून गेलं. डाव्या खेळाडूच्या मात्र दोन्ही हातांत एकेक रॅकेट होती.