मामांची रजा

आमच्या ऑफिसात रजेचा अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायची प्रथा आहे. त्यामुळे 'घरगुती कारणास्तव' या दोन शब्दांत काय काय मावतं याचा माझा अभ्यास चांगला आहे. पण अकाउंट्समधले काका आले तेव्हा ते शब्द पुरणार नाहीत, हे लगेच लक्षात आलं. त्यांच्या सख्ख्या भाचीचं लग्न न्यू जर्सीत होतं, शनिवार, २० जून २०२६ ला.

तारखेवर काकांचा राग होता. यंदा १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ, म्हणजे लग्नं बंद. पुढे २५ जुलैला आषाढी, की चातुर्मास. मधल्या शनिवारांपैकी तिथल्या हॉलने नेमका २० दिला. आणि २० तारीख ही थ्री-बीची, म्हणजे जीएसटीच्या मासिक रिटर्नची शेवटची तारीख. पंचांग, हॉलवाला आणि सरकार यांचं असं एकमत क्वचितच होतं.

काकांचा मसुदा दीड पानांचा होता. त्यातलं एक पान बहिणीच्या हट्टावर आणि उरलेलं विमानभाड्यावर. मी ते सगळं काढलं. लग्न कोणाचं हे साहेब एका ओळीत वाचतात आणि लगेच खाली बघतात, की मागे काम कोण करणार. नातं मात्र ठेवलं, कारण नवरीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं असतं. बाकी सगळ्या कामांना बदली माणूस मिळतो, या कामाला नाही.

मग तारखा. काका म्हणाले, "तिकीट १६ तारखेचं आहे, १६ ला दुपारपर्यंत येतो ऑफिसला." तिकिटावर वेळ होती रात्री बारा पन्नास. म्हणजे काकांना सोमवारी, १५ तारखेला, संध्याकाळी पुण्याहून मुंबईला निघायचं होतं. १६ ला दुपारी ऑफिसात आले असते तर विमान कधीच गेलं असतं. परतीचं उलट. गुरुवारी, २५ ला, संध्याकाळी तिकडून सुटणारं विमान मुंबईत शुक्रवारी रात्री उतरतं, कारण प्रवासाच्या तासांत घड्याळाचे साडेनऊ तासही मिळवायचे. म्हणून अर्जात लिहिलं: 'मंगळवार १६ जून ते शुक्रवार २६ जून रजा, सोमवार २९ जूनला हजर.' कामाचे दिवस नऊ. पण मधला शनिवार-रविवार रजेत धरायचा की नाही, हे एचआरला आधी विचारलं. आमच्याकडे सँडविच लागतं. झाले अकरा.

खरी मेख कामात होती. खरेदीच्या जमेचं टू-बी दर महिन्याच्या १४ ला तयार होतं, आणि यंदा १४ ला रविवार. सोमवारी काकांनी टू-बी जुळवायचं, त्याच दिवशी ॲडव्हान्स टॅक्सचा पहिला हप्ता भरायचा आणि रात्री विमान गाठायचं. थ्री-बी शेजारच्या टेबलावरच्या ताई गुरुवारी, १८ ला भरणार होत्या. २० ला पोर्टल रडतं, हे अकाउंट्सला पाठ आहे, म्हणून शुक्रवार राखीव ठेवला. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये लेट फी आणि कराच्या रकमेवर वर्षाला अठरा टक्के व्याज.

"म्हणजे सगळं ठरलं," काका म्हणाले.

"चलनाचे पैसे बँकेतून कोण काढणार?"

काका गप्प झाले. बँकेच्या साइटवर मेकर एकटे तेच, चेकर साहेब. ओटीपी काकांच्या मोबाइलवर. इथले सकाळचे अकरा म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे दीड. ताईंचा फोन "काका, ओटीपी" म्हणून जाणार आणि काका घोरत असणार. कामाचं सुपूर्तपत्र कितीही सुबक असलं तरी ते अडतं ते असल्या एका सहा-अंकी आकड्यावर. ताईंना मेकर करायचा फॉर्म सह्यांसकट बँकेत जायला आणि तिकडून मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून तो जूनच्या पहिल्या आठवड्यातच द्यायचा आणि दुसऱ्या आठवड्यात एक छोटं पेमेंट ताईंच्या हातून करून बघायचं हे आम्ही ठरवलं. कंपनीच्या रिटर्नला डिजिटल सही लागते, ती संचालकांची, ते इथेच होते. तेवढं एक सुख.

शेवटी अर्जात एक ओळ काकांनी हट्टाने घालायला लावली: 'दि. २० जून रोजी भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठ ते बारा संपर्क होणार नाही.' तिकडे सकाळी अकराचा मुहूर्त होता. मी म्हटलं, शनिवारी रात्री साडेआठला तुम्हाला फोन करतंय कोण?

साहेबांनी अर्ज मंजूर करून परत पाठवला. त्या ओळीखाली रेघ मारून त्यांनी समासात लिहिलं होतं, "लॅपटॉप नेणार ना?"

काकांनी तिथेच उत्तर लिहिलं: "नेईन. नवरीला बोहल्यावर सोडल्यावर उघडेन."